तक्रारपत्र : नेमके कुठे चुकते?

अर्जात परवानगी किंवा सवलत मागतात. तक्रारपत्रात गैरसोय नोंदवून उपाय मागतात. उदाहरण : शाळेजवळचे पथदिवे बंद आहेत, पत्र नगरपरिषदेला लिहायचे आहे.

- प्रति : फक्त ‘नगरपरिषद’ लिहिणे अपुरे. आधी पद (‘मा. मुख्याधिकारी’), मग कार्यालय आणि गाव.
- विषय : ‘तक्रार करणेबाबत’ यातून काहीच कळत नाही. ‘शाळेजवळील पथदिवे बंद असल्याबाबत’ हे नेमके.
- मायना : ‘सप्रेम नमस्कार’ घरगुती पत्रात शोभतो. इथे ‘महोदय’ किंवा ‘महोदया’.
- मजकूर : ‘बरेच दिवस’ नको. ‘५ जूनपासून ३ दिवे बंद आहेत’ असे लिहावे.
- शेवट : ‘आज्ञाधारक’ मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात. तक्रारपत्रात मुलाने ‘आपला विश्वासू’, मुलीने ‘आपली विश्वासू’ लिहावे.