अंतर्गत नियंत्रण चौकट

अंतर्गत नियंत्रण चौकट ही संस्थेचे कामकाज, हिशेब व नियमपालन यांविषयी वाजवी खात्री देणारी व्यवस्था होय. अमेरिकेतील 'कोसो' समितीने १९९२ मध्ये मांडलेल्या चौकटीचे पाच घटक आहेत.

समजा, एका मध्यम व्यापारी कंपनीने साखरेची १०० पोती मागवली. गोदामात ९६ आली. बिल मात्र १०० पोत्यांचे आहे. अशी तूट संभवते हे आधीच ओळखणे म्हणजे जोखीम मूल्यांकन. गोदामाची आवक नोंद लेखापालाकडे वेळेवर पोहोचणे म्हणजे माहिती व संप्रेषण. खरेदी आदेश, आवक नोंद व बिल ताडून चार पोत्यांची रक्कम रोखणे ही नियंत्रण कृती. ही पडताळणी नियमित होते का, हे तपासणे म्हणजे सनियंत्रण. मालकाने परिचित पुरवठादारालाही सवलत न देणे, हे नियंत्रण वातावरणाचे लक्षण. मात्र गोदामपालाने पुरवठादाराशी संगनमत करून १०० पोत्यांचीच नोंद केल्यास तिन्ही कागद जुळतात. तूट प्रत्यक्ष साठामोजणीतच उघड होते.