फ्रिजची ‘दहा वर्षे वॉरंटी’ नेमकी कशाची?

फ्रिजच्या दारावर ‘१० वर्षे वॉरंटी’ असे ठळक छापलेले असते. कार्ड उघडले की बहुतेक वेळा वेगळेच दिसते: संपूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि पुढची नऊ वर्षे फक्त कॉम्प्रेसरला. समजा, चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर बिघडला. तो फुकट मिळेल, पण गॅस भरणे, मजुरी आणि तंत्रज्ञाची फेरी यांचे पैसे अनेकदा आपल्यालाच द्यावे लागतात. म्हणून कार्ड वाचताना सुटा भाग आणि मजुरी यांची मुदत वेगवेगळी लिहून काढावी. दाराचे रबर, बल्ब, काचेचे कप्पे सहसा वगळलेले असतात.

वॉरंटी रद्द होण्याची कारणे बारीक अक्षरांत असतात. बाहेरच्या मेकॅनिककडून दुरुस्ती, खोडलेला सिरियल नंबर, घरगुती फ्रिजचा दुकानात वापर ही नेहमीची.

बिघाड झाल्यास आधी कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. बिलावरची खरेदीची तारीखच मुदत ठरवते. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून बिलाचा फोटो आजच काढून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.