एकच दुकान, एकच तेल, नफे मात्र तीन

बोलताना सांगितलेले आकडे कानातून निसटतात, अशी तक्रार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली होती. त्यामुळे हा भाग जरा नीट लिहून काढलाय. कॅल्क्युलेटर लागलाच तर मोबाइलमध्ये आहेच.

गोष्ट नागपूरच्या इतवारीतली. माझ्या दोन मामांचं तिथे होलसेल किराण्याचं दुकान. भागीदारी अर्धी-अर्धी. धाकटे मामा ३१ मार्च २०२५ ला भागीदारीतून बाहेर पडणार होते, म्हणून त्या वर्षाचा हिशोब एकदम चोख हवा होता. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे "भाच्या, तू हे कम्प्युटरवर घे" असा हुकूम झाला. मी ERPNext टाकलं, वर्षभराच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी भरल्या आणि सोयाबीन तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा ढोबळ नफा काढला. आला ६०,००० रुपये. सीए साहेबांच्या एक्सेल शीटमध्ये तोच नफा होता ३०,०००.

थोरले मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "अबे, कम्प्युटर म्हणते साठ, सीए म्हणते तीस. मंग मी धाकट्याले देऊ काय?"

आधी वाटलं नोंदीत चूक असेल. दोन रात्री बिलं तपासली. एकही चूक सापडली नाही. दोन्ही आकडे बरोबर होते.

त्या वर्षी काय झालं होतं

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावरचा एकूण प्रभावी दर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेला, रिफाइंडवरचा १३.७५ वरून ३५.७५ वर. आपण खाद्यतेल मोठ्या प्रमाणात आयात करतो, त्यामुळे बाजारातला भाव लगेच चढला. ज्यांच्या गोदामात जुना माल होता, त्यांच्याकडे स्वस्तात घेतलेलं आणि महाग झालेलं, असं दोन्ही तेल एकाच रांगेत उभं होतं.

समजायला सोपं जावं म्हणून मी आकडे गोल केलेत. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक शून्य धरा. जीएसटी बाजूला ठेवा.

- मे: १०० डबे, १,६०० रुपयांनी. एकूण १,६०,०००
- ऑगस्ट: १०० डबे, १,७०० रुपयांनी. एकूण १,७०,०००
- ऑक्टोबर: १०० डबे, २,१०० रुपयांनी. एकूण २,१०,०००

म्हणजे ३०० डबे, खर्च ५,४०,०००. विक्री २०० डब्यांची. पहिले १०० ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १,७५० ने गेले, पुढचे १०० ऑक्टोबरनंतर २,१५० ने. हातात आले ३,९०,०००. ३१ मार्चला १०० डबे शिल्लक.

आता सगळा खेळ एकाच प्रश्नाचा आहे. खर्च झालेल्या ५,४०,००० पैकी किती रक्कम विकलेल्या २०० डब्यांच्या नावावर टाकायची आणि किती शिल्लक १०० डब्यांच्या? एकीकडे जास्त टाकली की दुसरीकडे कमी होणार. शिल्लक साठा जितका महाग दाखवाल, तितका विकलेला माल स्वस्त दिसणार आणि नफा तितकाच फुगणार.

फिफो: जो आधी आला तो आधी गेला

फिफो म्हणतं, विकलेले २०० डबे म्हणजे मे आणि ऑगस्टचे. त्यांचा खर्च १,६०,००० अधिक १,७०,०००, म्हणजे ३,३०,०००. विक्री ३,९०,०००, म्हणून नफा ६०,०००. शिल्लक राहिले ते ऑक्टोबरचे महागडे डबे, साठा २,१०,०००.

ERPNext मध्ये `Valuation Method` तुम्ही स्वतः बदलली नाही तर ती `FIFO` असते. मीही बदलली नव्हती. माझे साठ हजार आले ते तिथून.

भारित सरासरी: सगळं एका टाकीत ओतलं

सीए साहेबांची पद्धत वेगळी. तीनही खेरीची खरेदी एका मोठ्या टाकीत ओतली असं समजा. ५,४०,००० भागिले ३००, म्हणजे प्रत्येक डबा १,८०० चा. विकलेले २०० डबे ३,६०,००० चे, नफा ३०,०००. शिल्लक साठा १,८०,०००.

फिफोमध्ये जुना स्वस्त खर्च आजच्या महाग विक्रीसमोर बसतो, म्हणून भाव चढत असताना नफा मोठा दिसतो. सरासरीत महाग खरेदीचा काही भाग विकलेल्या मालावरही पडतो, म्हणून नफा लहान.

मी मग सॉफ्टवेअरमध्ये `Moving Average` लावून पाहिलं. वाटलं, आता तरी तीस हजार येतील. आले ३७,५००! कारण ही सरासरी वर्षाअखेरी एकदा न काढता प्रत्येक खरेदीनंतर नव्याने काढली जाते. ऑगस्टमध्ये सरासरी १,६५० होती, पहिले १०० डबे त्या दराने गेले. उरलेले १०० डबे १,६५० चे आणि नवे १०० डबे २,१०० चे, मिळून नवी सरासरी १,८७५. पुढचे १०० त्या दराने गेले. एकूण खर्च ३,५२,५००. म्हणजे "आम्ही सरासरी पद्धत वापरतो" एवढं सांगून भागत नाही. वर्षाची सरासरी की चालती, हेही विचारावं लागतं. दोन सिस्टिमचे आकडे जुळत नसतील तर सगळ्यात आधी हे तपासा, बिलं नंतर.

मामांचा पुढचा प्रश्न साहजिक होता. "पण आपण तर जुनाच डबा आधी विकतो, मंग फिफोच खरं ना?" नाही. गोदामातून कुठला डबा उचलायचा हे एक्स्पायरी बघून ठरतं. वहीत खर्च कुठल्या क्रमाने लावायचा हे हिशोबाचं गृहीतक आहे, दोन्हींचा मेळ बसायलाच पाहिजे असं नाही. एकसारख्या, अदलाबदल करता येणाऱ्या मालासाठी आपलं लेखा मानक एएस-२ फिफो आणि भारित सरासरी या दोन्हींना परवानगी देतं. शेवटी आला तो आधी गेला, ही लिफो पद्धत अमेरिकेत चालते, आपल्या मानकात नाही.

मग साठ हजार आहेत कुठे?

गल्ल्यात नाहीत. तीनही पद्धतींत खरेदीला गेले ५,४०,००० आणि विक्रीतून आले ३,९०,०००. रोख रकमेत एका रुपयाचाही फरक नाही.

आता हे बघा. विकलेले २०० डबे पुन्हा भरायचे तर २,१०० च्या भावाने ४,२०,००० लागतात. विक्रीतून आलेत ३,९०,०००. म्हणजे फिफो ६०,००० नफा सांगतंय, पण रॅक पूर्वीसारखा भरायला खिशातून ३०,००० घालावे लागणार! फिफोच्या नफ्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे विकून कमावलेला फरक, आणि दुसरी म्हणजे माल पडून असताना भाव चढल्याचा फायदा. हा दुसरा भाग पुढच्या खरेदीतच जिरतो. तो नफा समजून घरखर्चाला काढला तर दुकानाचं भांडवल आटतं. आणि कर तर दाखवलेल्या नफ्यावरच लागतो.

याची खूण ढोबळ नफ्याच्या टक्केवारीत दिसते. फिफोने ती १५ टक्क्यांच्या वर गेली, वार्षिक सरासरीने आठच्याही खाली राहिली. मामा तर प्रत्येक डब्यामागे त्या त्या वेळच्या खरेदीवर ५० रुपयेच ठेवत होते. भाव चढत असताना मार्जिन अचानक उडी मारत असेल, तर आधी साठ्याची पद्धत बघा. माल आठवड्याभरात संपत असेल तर शिल्लक थोडी राहते आणि हा फरकही किरकोळ होतो. आमच्याकडे खरेदीचा तिसरा हिस्सा पडून होता, म्हणून तो इतका ठसठशीत दिसला.

पुढच्या वर्षी पारडं फिरलं

३० मे २०२५ ला सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं, प्रभावी दर १६.५ टक्क्यांवर आला. समजा उरलेले १०० डबे २,००० ने विकले. फिफोमध्ये त्यांची किंमत २,१०,०००, म्हणजे १०,००० तोटा. वार्षिक सरासरीत १,८०,०००, म्हणजे २०,००० नफा. चालत्या सरासरीत १,८७,५००, म्हणजे १२,५०० नफा.

दोन वर्षं मिळून बेरीज करा. ६०,००० वजा १०,०००. ३०,००० अधिक २०,०००. ३७,५०० अधिक १२,५००. तिन्हींची बेरीज ५०,०००. पद्धत नफा तयार करत नाही. कुठल्या वर्षात किती दाखवायचा एवढंच ती ठरवते.

पण आमच्या घरात घोडं इथेच अडलं होतं. कारण दुसऱ्या वर्षी धाकटे मामा भागीदार नसणार होते. फिफोने त्यांना या तेलातले ३०,००० मिळत होते, सरासरीने १५,०००. नफा एका वर्षातून दुसऱ्यात सरकला की तो एका भावाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात सरकत होता.

सीए साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दुकान आजवर वार्षिक सरासरीच वापरत आलंय, ते यंदा नफा हवा म्हणून बदलायचं नाही. पद्धत सातत्याने तीच ठेवावी लागते, आणि प्राप्तिकराचा आयसीडीएस-२ नियम ज्यांना लागू आहे त्यांना सबळ कारणाशिवाय ती बदलता येत नाही. दुसरी, भागीदार बाहेर पडताना साठ्याचं फेरमूल्यांकन वेगळं करायचं.

३१ मार्चला खरेदीचा भाव २,१०० च होता. म्हणजे १०० डब्यांची त्या दिवशीची किंमत २,१०,०००, वहीत १,८०,०००. फरक ३०,०००, अर्धा धाकट्या मामांचा. साठ्याचा आकडा तसाच ठेवून थोरल्या मामांच्या भांडवल खात्यातून १५,००० धाकट्यांच्या खात्यात गेले. आधीचे १५,००० धरून त्यांचे झाले ३०,०००. फिफोनेही तेवढेच झाले असते, कारण तिथे साठा आधीच २,१०० वर होता आणि फेरमूल्यांकनात काही उरलंच नसतं.

नंतर भाव उतरला तो थोरल्या मामांच्या वाट्याला आला. त्यांनी तक्रार केली नाही. "ज्या दिवशी हिशोब झाला, त्या दिवशीचा भाव बरोबर होता ना? मंग झालं," म्हणाले.

हिशोबासाठी मी सॉफ्टवेअरचं `Moving Average` घेतलं नाही आणि `FIFO` ही नाही. वर्षाअखेरीचा साठा आजही सीए साहेबांच्या शीटवरून १,८०० सारख्या एका सरासरी दराने निघतो, सॉफ्टवेअर फक्त डबे मोजतं.