रद्दीवाल्याला बोलावण्याआधी

पुस्तकवेडं माणूस गेलं की काही महिन्यांत त्याची खोली रिकामी करायची वेळ येते. तेव्हा घरोघरी सहसा उलटंच होतं. जाडजूड, सोनेरी अक्षरांचे ग्रंथ जपून ठेवले जातात आणि खालच्या खणातल्या पातळ, पिवळ्या, कव्हर निघालेल्या चोपड्या रद्दीत जातात. दुर्मिळ ऐवज बहुधा त्या चोपड्यांतच असतो.

माझे काका साताऱ्याला शाळेत मराठी शिकवत. त्यांच्या मागे अडीच हजारांच्या आसपास पुस्तकं राहिली. एक पुस्तक सरासरी चारशे ग्रॅमचं धरलं, तर हे एक टन वजन झालं. आम्ही भावंडांनी एकही पुस्तक हलवण्याआधी प्रत्येक खणाचा मोबाइलवर फोटो काढला, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. या फोटोंमुळे काकांनी लावलेला क्रम राहिला. शिवाय ग्रंथपाल किंवा जुन्या पुस्तकांचा विक्रेता फोटो पाहूनच सांगू शकतो, की येण्यासारखं काही आहे का. मग प्रत्येक पुस्तक उलटं धरून पानं हलकेच झटकली. पत्रं, पावत्या, क्वचित मुदत ठेवीची कागदपत्रंही अशीच निघतात. वाचनालयाचे शिक्के असलेली पुस्तकं वेगळी काढून आधी परत करावीत.

यानंतर आतलं पान पाहायचं, जिथे प्रकाशक, आवृत्ती आणि किंमत छापलेली असते. जुन्या मराठी पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शक असतो. त्यात 78 मिळवले की साल कळतं. शके 1854 म्हणजे साधारण 1932. पण नुसतं जुनं म्हणून पुस्तक दुर्मिळ ठरत नाही. गाजलेल्या कादंबरीच्या विसाव्या आवृत्तीला कोणी विचारत नाही, कारण ती दुकानात नवी मिळते. 1950 पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मोठ्या ग्रंथालयात पाहायला मिळते. तुमच्या हातातलं पुस्तक त्या सूचीतही नसेल, तर ते ग्रंथपालाला जरूर दाखवा.

काकांच्या खालच्या खणात कुलवृत्तान्त, गावच्या संस्थांच्या स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक, नाटकांची हँडबिलं आणि 'सत्यकथा'चे सुटे अंक होते. असं साहित्य थोड्या प्रती छापून वाटलेलं असतं आणि पुन्हा कधीच छापलं जात नाही. मासिकांचा संच अपुरा असला तरी हरकत नाही. एखाद्या ग्रंथालयाला नेमका तुमच्याकडचा अंकच हवा असतो. 1898 साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ अशा जुन्या संस्थांना यादी पाठवून आधी विचारावं. न विचारता खोकी दारात नेऊन टाकू नयेत. त्यांच्याकडेही जागा आणि माणसं कमीच असतात, आणि ज्याच्या चार प्रती आधीच आहेत ते पुस्तक ते घेणार नाहीत.

विकायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. विक्रेता निवडक पन्नास पुस्तकं उचलतो आणि उरलेला ढीग तुमच्याच गळ्यात राहतो. म्हणून आधी ठरवा, सगळं एकत्र द्यायचं की निवडक. निवडक द्यायचं असेल तर किंमत प्रत्येक पुस्तकाची वेगळी ठरवा. नंतरच्या काळातल्या चांगल्या स्थितीतल्या कथा-कादंबऱ्या मात्र विकण्यापेक्षा तालुक्याच्या किंवा गावच्या वाचनालयाला द्याव्यात. तिथे त्या वाचल्या जातात. कालबाह्य गाईड, जुनी कायद्याची आणि संगणकाची पुस्तकं बेलाशक रद्दीत घाला. ती दान करणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्यावर ढकलणं आहे.

देण्याआधी कीड तपासा. पानांवर वेड्यावाकड्या कुरतडलेल्या खुणा असतील तर ती कसर. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि मग भिंत व कपाटही पाहावं लागतं. गोल भोकं आणि ताजा बारीक भुसा म्हणजे आत अळी अजून जिवंत आहे. असं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे घरच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीइतकं गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पानांवर पाणी धरतं. बुरशी धरलेलं पुस्तक इतरांत मिसळूच नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पान पिवळं करून टाकतो.

घरात असा संग्राहक हयात असेल तर हे काम त्यांच्याबरोबरच सुरू करा. कुठलं पुस्तक कोणाकडून आणलं आणि कोणाला द्यायचं, हे त्यांना पहिल्या पानावर पेन्सिलने लिहायला सांगा.