बैठक चार दिवस अलीकडे घेताना

मैत्रिणींनो, बैठक लांबली तर बायका फारशा कुरकुरत नाहीत. तीच अलीकडे घ्यायची म्हटली की बचत गटात गडबड उडते. कारण साधं आहे, बैठकीला नुसतं यायचं नसतं, हप्ता घेऊन यायचं असतं. १५ तारखेसाठी जमवलेले पैसे ११ तारखेला हातात नसतात. निरोप देणारीच्या हे लक्षात राहिलं नाही, तर ‘जमेल का’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही.

आमच्या गटात आम्ही तेरा जणी. बैठक दर महिन्याच्या १५ तारखेला, दुपारी चारला. एकदा मंगळवारी, ९ तारखेला, संध्याकाळी एक सदस्य घरी आली. मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फी भरायला पंधरा हजार कमी पडत होते आणि शेवटची तारीख होती नेमकी १५. कर्ज द्यायचं तर बैठकीत ठराव हवा. गटाच्या खात्यात अडतीस हजार होते, पण आणखी दोघींचीही मागणी आलेली. मग फोनवर परस्पर ‘घे गं’ म्हणता येत नाही.

मी कॅलेंडर काढून उलटं मोजलं. १५ ला सोमवार. १४ ला रविवार. १३ ला दुसरा शनिवार, बँक बंद. म्हणजे पैसे काढायला शुक्रवार, १२ तारीख, हाच दिवस. तेव्हा बैठक ११ च्या रात्रीपर्यंत व्हायलाच हवी होती.

सगळ्यांना निरोप देण्याआधी मी दोनच फोन केले. आमच्या खात्यावर तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात. सचिवताई माहेरी निघाल्या होत्या, कोषाध्यक्ष काकू आणि अध्यक्ष मात्र १२ ला गावात होत्या. सह्या करणाऱ्याच नसत्या, तर बैठक अलीकडे घेऊन उपयोग शून्य! नंतर विचारलं कांदा काढायला जाणाऱ्या दोघींना. त्या सहाला परततात, मग स्वयंपाक. चारची वेळ त्यांना अशक्य, म्हणून साडेसात ठरवली.

कारण किती सांगायचं, हे त्या सदस्यालाच विचारलं. ती म्हणाली, ‘फीचं सांगा, पण किती कमी पडतात ते आत्ताच नको.’ आकडा बैठकीत तिनेच सांगायचा, असं ठरलं. मग व्हॉट्सअॅपवर हा निरोप गेला:

‘ताईंनो, १५ तारखेची बैठक त्या दिवशी होणार नाही. ती गुरुवारी ११ तारखेला, संध्याकाळी साडेसातला, नेहमीच्याच ठिकाणी घ्यावी असा विचार आहे. एका सदस्याच्या मुलीची फी भरायची आहे आणि बँक शुक्रवारनंतर थेट सोमवारी उघडेल. हप्ता नेहमीप्रमाणे १५ पर्यंत दिला तरी चालेल, दंड नाही. येता येईल का, नसेल तर किती वाजता जमेल, हे उद्या दुपारी बारापर्यंत कळवा.’

पहिलं वाक्य मुद्दाम तसं लिहिलं. ‘बैठक पुढे घेतली’ म्हटलं की निम्म्या जणींना ती लांबली असं वाटतं, आणि १५ ला दोघी-तिघी कुलपासमोर उभ्या राहतात. ‘चालेल ना?’ हेही टाळलं. त्याला बायका भिडेखातर हो म्हणतात आणि त्या दिवशी येत नाहीत. दंडाचं मात्र अध्यक्षांना आधी विचारून घेतलं होतं, कारण तशी सूट मी एकटी देऊ शकत नाही.

बुधवारी दुपारपर्यंत आठ जणींचे होकार आले. एकीने नुसता अंगठा पाठवला होता. फोन केला तर म्हणाली, ‘वाचलं एवढंच हो, गुरुवारी सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचंय.’ अंगठ्याला होकार समजू नये, ते यासाठी! दोघींकडे फोन नाही, त्यांच्या घरी जाऊन आले. तिथे कळलं की एकीला साडेसातला अंधारातून यायला सोबत नव्हती. शेजारणीने तिला आणायचं कबूल केलं. आमच्या नियमाप्रमाणे ठरावाला नऊ जणी लागतात. अकरा जणींचं पक्कं झालं, तेव्हा ‘११ तारीख नक्की’ असा दुसरा निरोप पाठवला.

गुरुवारी अकराही आल्या. शेळी घ्यायला मागणी केलेल्या वहिनी म्हणाल्या, ‘माझं पुढच्या महिन्यात बघा, बाजार काही पळून जात नाही.’ पंधरा हजारांचा ठराव झाला. सूचक, अनुमोदक यांची नावं आणि बैठक अलीकडे घेण्याचं कारण इतिवृत्तात लिहिलं, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर वहीच उत्तर देईल. शुक्रवारी पैसे निघाले आणि दुपारीच फी भरली गेली. पाच जणींचे हप्ते १५ ला आले. ते काकूंनी त्याच तारखेला जमा दाखवले.