आकडा वेगळा, एकक वेगळं

शेतकरी गटाची खरेदीवही आता बऱ्याच गावांत कागदावरून गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये आली आहे. वहीतली सवय मात्र तशीच सोबत आली. ‘नग/वजन’ नावाच्या एकाच रकान्यात कुणी `10 बॅग` लिहितं, कुणी `500ग्रॅम`, कुणी `1.5 टन`. वाचणाऱ्या माणसाला यात काहीच अडचण नसते. अडचण येते ती हंगामाच्या शेवटी, एकूण खत किती लागलं हे काढताना. रकान्याखाली `SUM` लिहिलं की उत्तर येतं शून्य, कारण आकड्याला अक्षर चिकटलं की संगणकाच्या लेखी तो सगळा मजकूर होतो आणि मजकुराची बेरीज होत नाही. याच कारणाने चढत्या क्रमाने लावायला गेलं तर `10 किलो` हे `2 किलो`च्या आधी येतं.

उपाय सरळ आहे. एका रकान्याचे दोन करायचे, एकात फक्त आकडा आणि दुसऱ्यात फक्त एकक. पण हे काम घाईने केलं तर चुका राहतात आणि त्या दिसतही नाहीत. म्हणून पद्धत अशी निवडायला हवी की झालेली चूक आपोआप डोळ्यांसमोर येईल.

बहुतेक जण आधी एक्सेलमधली `Text to Columns` ही सोय वापरतात आणि जिथे मोकळी जागा आहे तिथे तुकडे करायला सांगतात. `500ग्रॅम`मध्ये मोकळी जागाच नाही, त्यामुळे तो तुटत नाही. हे निदान लगेच दिसतं. खरा घात `1/2 किलो` करतं. तुटलेला `1/2` एक्सेलला तारीख वाटतो, म्हणजे आपल्याकडच्या मांडणीत १ फेब्रुवारी. एक्सेल तारखा आतून दिवसांच्या क्रमांकात ठेवतं. २०२५ साली हे केलं असेल, तर त्या सेलची खरी किंमत होते 45689. अर्धा किलो सूक्ष्म अन्नद्रव्य बेरजेत पंचेचाळीस हजार किलोंहून जास्त भरतं. शिवाय ही सोय, वेगळी जागा सांगितली नाही तर, मूळ रकान्यावरच लिहिते. मग तिथे काय होतं हे पडताळायचीही सोय राहत नाही. म्हणून मूळ रकाना तसाच ठेवावा आणि त्याच्या बाजूला दोन नवे रकाने करावेत.

पॉवर क्वेरीमध्ये अंक संपून अक्षर सुरू होतं तिथे तोडण्याचा पर्याय आहे. तो `500ग्रॅम` नीट तोडतो, पण दशांश चिन्हालाही अंक मानत नाही. त्यामुळे `1.5 टन`चे तीन तुकडे होतात: `1`, `.5` आणि `टन`. दीड टनाचा एक टन व्हायला वेळ लागत नाही.

मला गूगल शीट्समधली ही दोन सूत्रं जास्त भरवशाची वाटतात. मूळ मजकूर `B` रकान्यात आहे असं धरलं आहे. पहिलं सूत्र `C`मध्ये आकडा काढतं, दुसरं `D`मध्ये उरलेलं सगळं ठेवतं.

```
=VALUE(REGEXEXTRACT(TRIM(B2),"^[0-9]+\.?[0-9]*"))
=TRIM(REGEXREPLACE(TRIM(B2),"^[0-9]+\.?[0-9]*",""))
```

अवतरणचिन्हांमधल्या खुणांचा अर्थ एवढाच: सुरुवातीला एक किंवा अधिक अंक, मग असल्यास एक दशांश चिन्ह आणि त्यापुढचे अंक. दोन्ही सूत्रांत हा साचा अक्षरशः सारखा आहे आणि तो तसाच ठेवायचा. पहिल्याने जे उचललं तेवढंच दुसरं काढून टाकतं, म्हणून मधल्यामध्ये काही गहाळ होत नाही. आकड्यात जे बसलं नाही ते सगळं एककाच्या रकान्यात येऊन पडतं.

आता वहीतले कठीण नमुने घेऊ. `1,200 किलो`मधून आकडा येतो 1, जो साफ चूक आहे, पण एकक येतं `,200 किलो`. `1/2 किलो`चं एकक `/2 किलो` होतं. `10 x 500 ग्रॅम`चं एकक होतं `x 500 ग्रॅम`. देवनागरीत लिहिलेलं `३० किलो` असेल तर आकड्याच्या जागी त्रुटी दिसते आणि एककात सगळं `३० किलो` तसंच राहतं. कुणी नुसतं `10` लिहिलं असेल, तर एकक रिकामं येतं. म्हणजे चूक आकड्यात झाली तरी तिची खूण एककात उमटते. म्हणून हजार ओळींचे आकडे तपासत बसू नका, एककांची यादी पाहा:

```
=SORT(UNIQUE(D2:D))
```

हजार ओळींची वही असली तरी वेगवेगळी एककं सहसा मोजकीच निघतात, आणि `,200 किलो`सारखं काही त्यांत लगेच खुपतं. अशा ओळी मूळ रकान्याची एक प्रत काढून तिच्यात हाताने दुरुस्त कराव्यात: स्वल्पविराम काढावा, अर्ध्याचं `0.5` करावं, देवनागरी अंक बदलावेत. रिकाम्या एककाच्या जागी अंदाजाने ‘किलो’ भरू नये. बिल पाहावं, नाहीतर खरेदी करणाऱ्याला विचारावं.

याच यादीत `किलो`, `कि.`, `किग्रॅ`, `kg` अशी एकाच एककाची अनेक रूपं सापडतील. कधी हुबेहूब सारखे दिसणारे दोन `किलो` वेगळे मोजले जातात. बहुधा वेबपानावरून चिकटवताना न तुटणारी मोकळी जागा सोबत आलेली असते आणि `TRIM` तिला हात लावत नाही. ती `SUBSTITUTE(B2,CHAR(160)," ")`ने जाते. मग एक छोटा तक्ता करायचा: लिहिलेलं रूप, त्याचं ठरलेलं एकक आणि गुणक. ग्रॅमचा किलो करायला 0.001, क्विंटलचा 100, टनाचा 1000.

बॅग मात्र या तक्त्यात अशी बसत नाही. युरियाची बॅग २०१८ पासून ४५ किलोची झाली, त्याआधी ती ५० किलोची होती. डीएपीची बॅग ५० किलोची आहे. म्हणजे `10 बॅग` युरिया ४५० किलो आणि `5 बॅग` डीएपी २५० किलो. सगळ्या बॅगा ५० किलोच्या धरल्या तर एवढ्याशा खरेदीत ५० किलो युरिया कागदावर जास्त दिसतो. अशा एककांसाठी गुणक ठरवताना मालाचं नावही हवं, आणि जुनी वही असेल तर खरेदीचं वर्षही.

काही एककांचं वजन करूच नये. कोथिंबिरीची जुडी हातागणिक आणि हंगामागणिक बदलते. पायली हे आकारमानाचं माप, तिचं वजन धान्यावर अवलंबून. कीटकनाशकाचे २५० मिली किलोत मोजायचे तर त्या द्रावणाची घनता हवी, आणि ती वहीत नसते. अशा ओळींना त्यांचं मूळ एकक राहू द्यावं आणि त्यांची बेरीज वेगळी दाखवावी. सगळं एकाच बेरजेत कोंबलं की रकाना भरल्यासारखा दिसतो, पण त्या आकड्यावर पुढच्या हंगामाची मागणी ठरवता येत नाही.

नवी शीट सुरू करत असाल, तर पहिल्याच दिवशी दोन रकाने करा. आकड्याच्या रकान्यात फक्त संख्याच स्वीकारली जाईल अशी अट घाला, एककाच्या रकान्याला ठरलेल्या नावांची निवडयादी द्या आणि बॅगेसाठी ‘एका बॅगेचं वजन’ असा तिसरा रकाना ठेवा.