वर्क फ्रॉम होमसाठी खुर्ची-टेबल घेताय? आधी टेप काढा

ऑनलाइन खुर्ची शोधायला गेलं की लंबर सपोर्ट, थ्रीडी आर्मरेस्ट, १३५ डिग्री रिक्लाइन असले शब्द दिसायला लागतात आणि आपण त्यांचीच तुलना करत बसतो. रोज ८ तास बसायचं असेल तर पहिला प्रश्न मात्र वेगळा आहे: ही खुर्ची आणि हे टेबल तुमच्या उंचीला जुळतं का? ते कळायला दोनच मापं लागतात.

पहिलं माप जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत. घरात चप्पल घालून काम करत असाल तर चप्पल घालूनच मोजा. दुसरं माप सीटपासून कोपरापर्यंत. खांदे सैल सोडून बसा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि कुणाला तरी मोजायला सांगा. पहिलं माप म्हणजे तुमच्या सीटची उंची. दोन्हींची बेरीज म्हणजे टेबलाची उंची.

आता ५ फूट २ इंच उंचीची एक मुलगी घ्या. तिची मापं साधारण ४० आणि २२ सेंटीमीटर धरली, तर तिला टेबल हवं ६२ सेंटीमीटरचं. दुकानातलं तयार टेबल असतं ७५ च्या आसपास! या १३ सेंटीमीटरमुळे ती दिवसभर खांदे उचलून टाइप करते आणि संध्याकाळी मान भरून येते. खुर्ची ५३ पर्यंत वर घेतली तर कोपरं टेबलाला येतात, पण पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीत रुतते आणि पायाला मुंग्या येतात. मग पायाखाली १३ सेंटीमीटरचा फूटरेस्ट हवा. एखादी मजबूत लाकडी पेटीही चालते.

म्हणून खुर्चीच्या माहितीत सीटची कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची बघा. काही ठिकाणी फक्त पूर्ण खुर्चीची उंची दिलेली असते, ती इथे कामाची नाही. सीटची खोलीही तपासा. पाठ टेकून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. नाही मावली तर तुम्ही पुढे सरकून बसणार आणि लंबर सपोर्ट मागे नुसताच राहणार. सीट पुढे-मागे सरकवता येत असेल तर ही अडचण सुटते. माझ्या मते हेडरेस्टपेक्षा या सोयीला जास्त पैसे द्यावेत.

मोटरवर वर-खाली होणारं टेबल घेणार असाल तर ते किती खाली येतं ते आधी विचारा. दोन टप्प्यांच्या पायांची टेबलं साधारण ७० च्या खाली येत नाहीत, तीन टप्प्यांची ६०-६२ पर्यंत येतात. वरची फळी या मापात धरली आहे का, तेही विचारा. लॅपटॉप स्टँडवर ठेवून वेगळा कीबोर्ड घ्यायचा, हे मात्र कुठल्याही टेबलावर करावंच लागतं. नाहीतर मान खालीच राहते.

आता फोम. सेल्समन सीट दाबून "बघा किती मऊ" म्हणतो, पण मऊपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. दुकानात त्याला '४० डेन्सिटी' वगैरे म्हणतात. हलका फोमही पहिल्या दिवशी छान वाटू शकतो, पण तो लवकर बसतो. मग खालची फळी टोचायला लागते आणि तुम्ही एक-दोन सेंटीमीटर खाली जाता, म्हणजे मोजून लावलेली उंचीही बिघडते. रोजच्या कामासाठी मी ४० च्या खाली जाणार नाही. साच्यात घडवलेला मोल्डेड फोम कापलेल्या फोमपेक्षा सहसा जास्त आकार धरून ठेवतो. दुकानात निदान १५ मिनिटं बसा. तेवढ्यातच बुडाच्या हाडांना फळी जाणवली तर ती खुर्ची सोडून द्या. कोकणातल्या दमट उकाड्यात जाळीची सीट बरी वाटेल, पण ती मधे खोलगट होऊन तिची पुढची कडक फ्रेम मांडीला लागत नाही ना, ते बघा.

कंपनी निवडताना स्टार रेटिंगवर फार जाऊ नका. बरेच रिव्ह्यू खुर्ची आल्या-आल्या लिहिलेले असतात आणि फोम बसतो नंतर. गोदरेज, फेदरलाइट यांच्यासारख्या कंपन्या वर्षानुवर्षं ऑफिसांना खुर्च्या पुरवत आल्या आहेत. हर्मन मिलर, स्टीलकेस महाग आहेत, पण ऑफिसातून निघालेल्या त्यांच्या जुन्या खुर्च्या बऱ्याच कमी किमतीत मिळू शकतात. जुनी घेताना सीट पूर्ण वर करून १० मिनिटं बसा. हळूहळू खाली येत असेल तर गॅस लिफ्ट गेलीय. ती बदलून मिळते, पण त्या मॉडेलची मिळते का हे पैसे देण्याआधी विचारा.

नव्या खुर्चीवर '३ वर्षं वॉरंटी' लिहिलेलं असलं तरी अटी वाचा. अनेकदा ती फ्रेम आणि गॅस लिफ्टपुरतीच असते, फोम आणि कापड वगळलेलं असतं. फोमही त्यात असेल तर ते बिलावर लिहून घ्या, आणि दुरुस्तीला माणूस घरी येणार की २० किलोची खुर्ची तुम्हीच पॅक करून पाठवायची, हेही.